शरद सरता सरता

"पण काका, सहा येतात कुठून? इथं तर चारच आहेत."

भांडाराच्या अधिकारी मॅडमनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर चार चौकोन होते आणि प्रत्येकात एक चित्र. फूल, सूर्य, देठापासून सुटलेलं पान, आणि शेवटच्या चौकोनात सहा टोकांची एक नाजूक जाळी. चिठ्ठीकाकांनी चष्मा कपाळावर चढवला, मग पुन्हा नाकावर आणला. जाळी तशीच राहिली.

"हे विणकाम कसलं?"

"बर्फ आहे तो, काका. म्हणजे थंडी."

"हां, हां." काकांनी बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लादीच्या रूपातच पाहिला होता. त्याला अशी टोकं असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण मॅडम म्हणतात तर असतील.

"वरून आलंय हे सगळं," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक वाणाला चारातलं एक चित्र निवडायचं. तारखा यंत्र स्वतः घालतं आणि चिठ्ठी छापून देतं. तुम्हाला हातानं लिहायला नको."

"बरं झालं," काका म्हणाले. बरं झालं की वाईट, हे मात्र त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

बियाणं भांडारात ते तीस वर्षं चिठ्ठ्या लिहीत होते. बियाण्याच्या प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी जायची. वाणाचं नाव, उगवण शेकडा किती, आणि पेरणी कधी. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथंच राहिलं. शिपायापासून हमालांपर्यंत सगळे त्यांना चिठ्ठीकाका म्हणत. शेतकरी चिठ्ठी वाचत नाहीत हे काकांना माहीत होतं. पिशवीची शिवण उसवली की चिठ्ठी पहिल्या वाऱ्याला उडते आणि बांधावरच्या काटेरी झुडपात अडकून बसते. पेरायचं कधी हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. तरीही काका अक्षर वळणदार काढत. न जाणो, एखादा वाचायचा.

चिठ्ठ्यांचा मजकूर लाकडी खणांतल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून यायचा. ती कार्डं जुन्या भांडाऱ्यांनी लिहिलेली. माणूस कधीच गेला होता, पण अक्षर काल लिहिल्यासारखं काळंभोर होतं. त्यांनी महिने लिहिले नव्हते, तारखा लिहिल्या नव्हत्या. ऋतू लिहिले होते, आणि तेही सहा. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर. चैत्रापासून धरले तर दोन दोन महिन्यांचा एक.

सहा ऋतू चार चौकोनांत बसवायचं काम असं भाद्रपदात काकांच्या पदरात पडलं.

वसंताचं काही अडलं नाही. फूल दिसत होतं. ग्रीष्माला सूर्य, तेही ठीक. वर्षेला मात्र ते थांबले.

"मॅडम, पाऊस कुठं आहे?"

"पाऊस नाही."

"पावसाचं चित्रच नाही?"

"ज्यांनी हे बनवलं त्यांच्याकडे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, काका. त्याचा वेगळा ऋतू नसतो."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की दोघांना मोठ्यानं बोलावं लागत होतं.

मग त्यांनी त्यातल्या त्यात वाट काढली. खरिपाची पेरणी जूनमध्ये, म्हणजे ज्येष्ठात होते आणि ज्येष्ठ-आषाढ मोजणीनं ग्रीष्म. म्हणून ज्वारी, तूर, मूग सगळे सूर्याखाली गेले. हे लिहितानाही त्यांना चुकचुकल्यासारखं झालं. आषाढात माणूस गुडघाभर चिखलात उभा असतो आणि पंचांग म्हणतं ग्रीष्म चालू आहे. म्हणजे सहा ऋतूही जागच्या जागी बसत होतेच असं नाही. शिवाय तूर पेरायची ग्रीष्मात आणि काढायची हेमंतात. तिनं चार ऋतू पाहिलेले असतात. तिला एका चित्राखाली कोंडायचं म्हणजे अख्ख्या कुटुंबाला एका खाटेवर निजवण्यासारखं होतं.

शिशिराला मात्र ते फार विचारात पडले नाहीत. शिशिर म्हणजे थंडी ओसरून पानं झडण्याचे दिवस, माघ-फाल्गुन. झाडं उघडीवाघडी होतात, पायाखाली पाचोळा चुरचुरतो. सुटलेल्या पानाचं चित्र शिशिराचंच. उन्हाळी भुईमूग शिशिराच्या तोंडाशी पेरतात, तो पानाखाली टाकून ते मोकळे झाले. चित्रं लावणाऱ्यानं पान बर्फाच्या आधी का ठेवलं, एवढं एकदा त्यांच्या मनात आलं. घाईत मागेपुढे झालं असेल, असं म्हणून त्यांनी त्याला माफ केलं.

मग त्यांच्या हाती तांबड्या गव्हाचं कार्ड आलं.

ते कार्ड त्यांना पाठ होतं. "तांबडा गहू. पेरणी शरद सरता सरता. हेमंतात फुटवे, शिशिरात ओंबी. वसंताचं ऊन चढण्याआधी कापणी." हा गहू त्यांच्या वडिलांनी भांडाराला दिलेला. उंच वाढायचा, वाऱ्याला लोळायचा, पिकायचा बेताचाच. नवे बुटके वाण आल्यावर त्याला कोणी विचारीना. पण बियाणं नुसतं ठेवून टिकत नाही, वर्षागणिक त्याची उगवण घसरते, म्हणून तीन-चार वर्षांनी ते कुणीतरी पेरून ताजं करून द्यावं लागतं. ते काम काकांची थोरली बहीण करायची. अक्का. वडिलांची जमीन तिच्या वाट्याची तीच कसत होती. सत्तरी आली तरी. यंदा पाळी होती आणि भांडारात उगवणारी एकच पिशवी उरली होती, वीस किलोची. अर्ध्या एकराला पुरेल एवढी. ती फसली तर तांबडा गहू संपला.

शरदाला कुठलं चित्र?

काकांनी चारही चौकोनांवरून दोनदा नजर फिरवली. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. आभाळ धुतल्यासारखं, गवताला तुरे, सकाळी दव. झाडांवर पावसानं पोसलेलं पान हिरवंगार. म्हणजे फूल नाही, सूर्य नाही, झडतं पान तर नाहीच नाही. उरलं बर्फ. गहू थंडीचं पीक आहे हे तर शाळेतलं पोरही सांगेल. काकांनी बर्फावर बोट ठेवलं. "हा."

मॅडमनी कळ दाबली. यंत्र कुरकुरलं आणि चिठ्ठी बाहेर आली. तांबडा गहू. पेरणी: २१ डिसेंबर ते २० मार्च.

"एकवीस डिसेंबर?" काका म्हणाले.

"थंडी तेव्हा सुरू होते, त्यांच्या हिशेबानं. वर्षातला सगळ्यात लहान दिवस. तिथून दिवस-रात्र सारखे होईपर्यंत. सूर्यावरून मोजतात ते, म्हणून तारखा दरवर्षी त्याच." मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "उशीर वाटतोय का काका? शेतीतलं तुम्हाला जास्त कळतं."

असं कोणी म्हटलं की काकांना काहीच कळेनासं होई. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान उलटलं. यंदा अधिक महिना येऊन गेला होता. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतात, ते साचले की तीनेक वर्षांनी एक महिना जास्तीचा घालून मेळ बसवतात. त्यामुळं यंदा सगळेच महिने पुढं ढकलले गेले होते. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या तेविसाव्या दिवशी संपलेला कार्तिक यंदा संपत होता बारा डिसेंबरला. कार्तिक संपला म्हणजे शरद संपला. आणि कार्डावर काय आहे? शरद सरता सरता. म्हणजे बारा डिसेंबर. आणि यंत्र म्हणतं एकवीस. नऊच दिवसांचा तर फरक.

"नाही, नाही," काका म्हणाले, "जवळजवळ जुळतंय."

पण जुळलं म्हणून बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. जेवणाचा डबा त्यांनी अर्धाच खाल्ला. घरी बायकोनं विचारलं, तर म्हणाले, "चित्रं होती." ती म्हणाली, "कसली चित्रं?" ते म्हणाले, "तेच तर कळत नाही." तिनं पुढं विचारलं नाही. तिला नवऱ्याची सवय होती.

नोव्हेंबरच्या मध्याला कार्यालयातला फोन वाजला. शिपायानं ओरडून सांगितलं, "चिठ्ठीकाका, तुमच्या अक्का."

"छोट्या," अक्काचा आवाज आला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं. "अरे, ती तुझी चिठ्ठी बघितली. छापील आलीय. हात दुखतो का तुझा?"

"नाही गं. यंत्र आलंय."

"बरं. त्यात एकवीस डिसेंबर लिहिलंय."

"हो."

"स्वाती नक्षत्र संपून आठवडा झाला. माती मुठीत धरली की ढेकूळ होतं आणि बोट लावलं की फुटतं. पहाटे अंगावर पांघरूण घ्यावं लागतंय. शेजारच्यांचा गहू पेरून झाला, एकाचा तर उगवूनही आला. ते येता-जाता विचारतात, अक्का, वावर भाड्यानं द्यायचंय का. मी दरवर्षी ह्याच सुमाराला टाकते. टाकू का?"

काकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्यांच्यासमोर दिनदर्शिका होती, कार्डाचा खण होता आणि पडदा होता. नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून स्वाती दरवर्षी ऑक्टोबरच्या चोविसाला लागतं आणि नोव्हेंबरच्या सहाला संपतं. त्याला अधिक महिन्याचं सोयरसुतक नाही. मग अक्काचं बरोबर. पण भांडाऱ्यांनी तर शरद लिहिला होता, आणि शरद यंदा महिनाभर चालायचा होता अजून. भांडारी आकाशाकडे बघून लिहायचे की पंचांगाकडे? हे कोणाला विचारायचं? आणि यंत्र बनवणारे शिकलेले लोक. त्यांनी काही विचार केलाच असेल की. यंत्राची मोजणी सूर्याची, नक्षत्रांचीही सूर्याचीच. तरी त्या दोघांत सहा आठवड्यांचं अंतर कसं? काकांच्या डोक्यात सहा पाती चार खाचांत अडकल्यासारखी कचकच होऊ लागली.

"छोट्या? आहेस का?"

"आहे."

"तुमच्याकडे काही नवीन निघालंय का? हवा बदललीय म्हणतात. म्हणून उशिरा पेरायचं, असं काही?"

काकांना वाटलं, असेलही. हवा बदलली आहे असं सगळेच म्हणत होते. आणि ह्या घटकेला 'मला माहीत नाही' असं म्हणणं त्यांना जड गेलं. तीस वर्षं भांडारात काढून गव्हाची पेरणी सांगता येत नाही, हे थोरल्या बहिणीला कसं सांगायचं?

"चिठ्ठीत आहे तसं कर, अक्का," ते म्हणाले.

"बरं," अक्का म्हणाली. "तुझी चिठ्ठी आहे म्हणजे झालं." आणि तिनं फोन ठेवला.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात उन्हाळी भुईमुगाच्या पिशव्या बाहेर काढल्या. मॅडमनी कळ दाबली. यंत्र कुरकुरलं, चिठ्ठ्या घसरत ताटलीत पडल्या. काकांनी पहिली उचलली, वाचली, आणि तशीच मॅडमच्या हातात दिली.

उन्हाळी भुईमूग. पेरणी: २३ सप्टेंबर ते २० डिसेंबर.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या. "आज तर अठ्ठावीस जानेवारी आहे. तुम्ही कुठलं चित्र निवडलं होतं?"

"पान."

"पान का?"

काकांनी खिडकीकडे बोट केलं. आवारातल्या सागाची पानं एकेक करून गळत होती. मोठी, सुकी, थाळीसारखी. हमालाच्या डोक्यावर एक पडलं, तर त्यानं ते टोपीसारखं तसंच राहू दिलं आणि दुसरा हमाल हसला. "ते काय," काका म्हणाले. "पानाचे दिवस आलेच की आता."

मॅडमनी त्या झाडाकडे पाहिलं.

"काका, त्यांच्याकडे थंडीच्या आधी गळतात पानं," त्या हळू म्हणाल्या. "झाड थंडीची तयारी करतं. पान म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर."

"आपल्याकडे थंडीनंतर गळतात. पुढं ऊन आहे, पाणी पुरवायला हवं, म्हणून."

"हो."

"म्हणजे पानाचं चित्र शिशिर नव्हे."

"नाही. शरद. तुमचा शरद आणि हेमंताचा थोडा भाग."

काका स्टुलावर बसले. शरद म्हणजे पान. शरदात पान हिरवंगार असतं म्हणून त्यांनी ज्या चित्राला हात लावला नाही, तेच शरदाचं चित्र होतं. बरं, त्यावर बोट ठेवलं असतं तरी यंत्रानं तेवीस सप्टेंबर छापला असता, आणि तेव्हा शेतात चिखल असतो. मग बरोबर चित्र कुठलं होतं? एकही नव्हतं? की होतं आणि त्यांनाच दिसलं नाही?

"तांबडा गहू बर्फाखाली गेला," ते म्हणाले.

"बदलू या ना. आत्ता बदलते मी."

"तो पेरलाय, मॅडम. पंचवीस डिसेंबरला."

मॅडमनी कळफलकावरचा हात काढून मांडीवर ठेवला. "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून मी विचारलं नाही परत."

"आणि मला वाटलं तुम्हाला," काका म्हणाले.

"मला वाटलं, वरच्यांना."

रविवारी काका पहिल्या एसटीनं अक्काकडे गेले. शेतात शेजारच्यांचा गहू कमरेला लागत होता आणि ओंब्या बाहेर पडत होत्या. अक्काचा अर्धा एकर मधेच वीतभर उंचीचा, हिरवाकंच, कुणी जिन्याची पायरी कापून काढल्यासारखा. ती बांधावर बसून विळ्याला धार लावत होती.

"आलास? चहा टाकते."

"अक्का, चिठ्ठी चुकली."

"माहितीय मला."

"कधीपासून?"

"तू फोनवर बोललास तेव्हापासून. तू खोटं बोलतोस तेव्हा नाकात बोलतोस. लहानपणापासून."

"मग पेरलं का नाहीस तेव्हाच?"

अक्कानं विळा उन्हात धरून पाहिला. "तू सांगितलंस ना. मी म्हटलं, हा भांडारात तीस वर्षं बसलाय. मी वावरात पन्नास वर्षं. वावराला आपलंच दिसतं, भांडारात सगळ्यांचं दिसतं. असेल काही. दररोज सकाळी माती मुठीत घ्यायची आणि परत टाकायची. महिनाभर. ती हळूहळू कोरडी झाली, मग पेरायला पाणी द्यावं लागलं. पण तुझ्या चिठ्ठीवर मी कधी खाडाखोड केली नाही, छोट्या. तू पहिली चिठ्ठी लिहिलीस तेव्हापासूनच्या सगळ्या आहेत माझ्याकडे."

काकांना वाटत होतं की आपल्या चिठ्ठ्या झुडपात अडकतात. एक वाचणारी होती, तर तिला हे वाचायला मिळालं.

त्यांनी तिला सगळं समजावायचा प्रयत्न केला. चार चित्रं, पान आधी की बर्फ आधी, अधिक महिना, कार्तिक बारा डिसेंबरला संपला ते. अक्का ऐकत होती. मधेच म्हणाली, "पण कार्तिक पुढं गेला म्हणून सूर्य थोडाच थांबतो?"

"नाही."

"म्हणून तर आम्ही नक्षत्रं धरतो. आणि भांडारी महिन्याचा शरद लिहीत नव्हते रे. एकदा आले होते इथं, आपले आबा होते तेव्हा. दवानं धोतर भिजलं की म्हणायचे, शरद सरला, टाका गहू. धोतर बघून लिहायचे ते."

"मग कार्डावर तसं लिहायचं ना," काका म्हणाले. त्यांचा आवाज एवढा चिडका निघाला की त्यांनाच नवल वाटलं.

"काय लिहायचं? धोतर?" अक्का हसली. थोड्या वेळानं काकाही हसले, पण हसू मधेच तुटलं.

"आता काय होईल?" त्यांनी विचारलं, जणू त्यांना ठाऊक नव्हतं.

"थंडी राहिली तर फुटवे येतील थोडे. दाणा भरायच्या वेळी ऊन चढलं तर दाणा भरत नाही. सुरकुततो. पाणी हलकं हलकं देत राहीन, मुळं गार राहतील. बघू."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन चढलं. वसंत अजून पंचांगात लागायचा होता, फाल्गुन नुकताच सुरू झाला होता, पण उन्हाला कोणी ते सांगितलं नव्हतं. शेजारच्यांचा गहू पिवळा होऊन कापणीला आला, कार्डावर लिहिलं होतं तसा, ऊन चढण्याच्या आत. अक्काचा गहू अजून कोवळा, दुधात होता आणि पंधरा दिवसांत हिरव्याचा एकदम पांढरा पडला.

एप्रिलमध्ये तिनं दोन पोती भांडारात पाठवली. एरवी पाच भरत. काकांनी शंभर दाणे मोजले, ओल्या कापडावर दहा दहाच्या रांगांत मांडले, कापड गुंडाळलं आणि आठ दिवस वाट पाहिली. दाणे बारीक, पोटाशी खपाटीला गेलेले, म्हाताऱ्या माणसाच्या गालासारखे. आठव्या दिवशी त्यांनी कोंब मोजले. पुन्हा मोजले. मॅडमना बोलावून त्यांच्याकडून मोजवले.

"बावन्न," मॅडम म्हणाल्या.

पंच्याऐंशीच्या खाली चिठ्ठी मिळत नाही, हा नियम. मॅडमनी नोंदवहीत तांबड्या गव्हापुढं काही लिहिण्याआधी काकांकडे पाहिलं. "मी वर कळवते, काका. सगळं लिहून कळवते, चूक माझीही आहे. तुम्ही मला एक तक्ता करून द्या. सहा ऋतू एका बाजूला, चार एका बाजूला, आणि मधे पिकं. म्हणजे त्यांना समजेल."

काकांनी तक्ता करायला घेतला. एक मोठं वर्तुळ काढलं, त्याचे सहा भाग केले, मग त्याच वर्तुळाचे चार. एक रेघही दुसऱ्या रेघेवर पडेना. मग नक्षत्रांच्या सत्तावीस खुणा केल्या. मग अधिक महिन्यामुळं सहाची रेघ कधी इकडे कधी तिकडे सरकते म्हणून ती पेन्सिलनं तुटक काढली. त्यात पिकं घातली, तेव्हा ती कुठल्याच रेघेपाशी न थांबता सगळ्या रेघा ओलांडून गेली. कागद कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसू लागला. मॅडम म्हणाल्या, छान आहे. त्यांनाही कळला नसावा. पण त्यांनी तो पाठवला.

मे महिन्यात काका पुन्हा अक्काकडे गेले. ती पडवीत सूप घेऊन बसली होती. भांडारानं परत केलेली पोती शेजारी उघडी होती. ती दाणा दाणा निवडत होती. भरलेला डावीकडे, सुरकुतलेला उजवीकडे. उजवीकडचा ढीग गुडघ्याएवढा, डावीकडचा परातभर.

काका समोर बसले आणि निवडू लागले. त्यांना भरलेला दाणा पटकन ओळखता येईना. ते प्रत्येक दाणा उजेडाकडे धरून बघत, आणि शंका आली की अक्कापुढं धरत. ती न बघता सांगे, "डावा." "उजवा." "उजवा." दुपार उतरली तेव्हा तिनं डाव्या ढिगातले दहा दाणे ओल्या फडक्यात गेल्या आठवड्यात बांधल्याचं सांगितलं.

"किती उगवले?"

"नऊ."

काकांनी हात थांबवला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण नऊ ही संख्या खरंच चांगली, की हेही आपल्याला न कळणाऱ्या गोष्टींतलंच आणखी एक, ह्याचा त्यांना भरवसा वाटेना.

"भांडार घेणार नाही," ते म्हणाले. "निदान एक पिशवी तरी लागते त्यांना."

"त्यांना द्यायचाच नाही."

अक्कानं दोन बरण्या आणल्या. डावा ढीग तिनं ओंजळीनं भरला, एक ओंजळ ह्या बरणीत, एक त्या बरणीत, शेवटचे काही दाणे बोटांनी वाटून. वर राख घातली, झाकणं घट्ट लावली आणि एक बरणी त्यांच्याकडे सरकवली.

"एक तुझ्याकडे ठेव."

"माझ्याकडे कशाला? मी तर..."

"एकाच घरात नको. माझं चुकलं तर तुझा राहील."

"आणि माझं चुकलं तर?"

"तर माझा," अक्का म्हणाली आणि पदरानं हात पुसले.

एसटीत त्यांनी बरणी मांडीवर धरली. वाहकानं दोनदा सांगितलं, वर फळीवर ठेवा, तरी ती त्यांनी ठेवली नाही. घरी आल्यावर खिडकीपाशी बसून त्यांनी एक कोरी चिठ्ठी घेतली. वाणाचं नाव लिहिलं, तांबडा गहू. उगवण लिहिली, दहात नऊ. मग पेरणी, आणि दोन टिंबं.

इथं ते फार वेळ थांबले. शरद लिहावं, तर कुठला शरद? स्वाती लिहावं, तर नक्षत्र मोजणारे किती उरतील? पंधरा नोव्हेंबर लिहावं, तर एखाद्या वर्षी पाऊस लांबला, माती ओलीच राहिली, तर? धोतर लिहावं, तर ते आता नेसतं कोण? शाई निबाच्या टोकाशी गोळा होऊ लागली, तेव्हा त्यांनी आपल्या सगळ्यात वळणदार अक्षरात लिहिलं, "अक्काला विचारून."

चिठ्ठी वाळायला ठेवली आणि तिच्याकडे पाहत राहिले. अक्काला श्रावणात एकाहत्तरावं लागणार होतं. त्यांनी चिठ्ठी पुन्हा जवळ ओढली. पण लिहिण्यासारखं त्यांच्याजवळ अजून काही नव्हतं. म्हणून त्यांनी त्या ओळीखाली पट्टीनं तीन बारीक रेघा आखल्या, एकसारख्या अंतरावर, आणि त्या कोऱ्या ठेवून चिठ्ठी बरणीला चिकटवली.